रक्ताचे जुलाब आणि अँटिबायोटिक न देणारे डॉक्टर

पत्र

डॉक्टर, माझी मुलगी आणि जावई इंग्लंडमध्ये लेस्टरला असतात. मार्चमध्ये मी तिकडे असताना आम्ही नातवाला (वय चार) एका फार्मवर वासरं-कोकरं दाखवायला नेलं. तीन दिवसांनी त्याला जुलाब लागले, दुसऱ्या रात्री शीतून रक्त पडायला लागलं. तिथल्या डॉक्टरांनी शी आणि रक्त तपासायला घेतलं, पण अँटिबायोटिक दिलं नाही, जुलाब बंद होण्याचं औषधही दिलं नाही. आमच्या साताऱ्याच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी औषध सुरू केलं असतं. मला राहवलं नाही. मी इथून नेलेल्या लोपेरामाईडची अर्धी गोळी त्या रात्री कुणाला न सांगता त्याला दिली. दोन दिवसांनी जुलाब थांबले, आणि त्यानंतर दोन दिवसांत लघवी बंद झाली. किडनी निकामी म्हणाले, एचयूएस असं नाव सांगितलं. नऊ दिवस डायलिसिस झालं. आता तो घरी आहे, खेळतोय. रिपोर्टच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. वेळेवर अँटिबायोटिक दिलं असतं तर त्याची किडनी वाचली असती का? आणि माझ्या गोळीने हे झालं का? गोळीचं मी अजून मुलीला सांगितलेलं नाही.
एक आजी, सातारा

उत्तर

नमस्कार ताई,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते जास्त स्पष्ट आहे. नाही. अँटिबायोटिकने त्याची किडनी वाचली असती असं मानायला आधार नाही. उलट त्याच्या शीत जो जंतू सापडला, त्याच्या बाबतीत ते दिलं असतं तर धोका वाढण्याचीच भीती होती. तिथल्या डॉक्टरांनी हयगय केली नाही, त्यांनी जाणूनबुजून हात आवरला.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एवढं सोपं नाही. त्यासाठी हा आजार कसा चालतो ते आधी बघावं लागेल. तुम्ही पाठवलेले रिपोर्ट त्यासाठी फार उपयोगी आहेत.

शीच्या तपासणीत ई. कोलाय ओ157 असं लिहिलंय आणि खाली ‘शिगा टॉक्सिन 2’ असं आहे. ई. कोलाय म्हटलं की आपण लघवीच्या इन्फेक्शनचा जंतू समजतो. आपल्या सगळ्यांच्या आतड्यात त्याचे निरुपद्रवी भाऊबंद असतातच. ओ157 हा त्यातला विष तयार करणारा प्रकार. 1982 साली अमेरिकेत ऑरेगन आणि मिशिगन या राज्यांत अर्धवट शिजलेल्या बीफ बर्गरमधून तो लोकांना झाला, तेव्हा तो पहिल्यांदा ठळकपणे नजरेत आला. पुढच्याच वर्षी कॅनडात टोरांटोच्या डॉ. मोहम्मद करमाली यांनी या विषाचा आणि मुलांच्या किडनी बंद पडण्याचा संबंध दाखवून दिला. हा जंतू गाईगुरांच्या आतड्यात राहतो. गुरं आजारी पडत नाहीत, कारण त्यांच्या रक्तवाहिन्यांवर या विषाला चिकटायला जागाच नसते. वासरू टुणटुणीत दिसतं, पण त्याच्या अंगाला, कुंपणाला, गवताला जंतू लागलेला असतो. शंभरापेक्षा कमी जंतू पोटात गेले तरी मूल आजारी पडू शकतं, म्हणून वासराला हात लावून तोच हात तोंडात गेला तरी पुरतं. इंग्लंडमध्ये हे नवीन नाही. 2009 साली सरे परगण्यातल्या गॉडस्टोन फार्मवर जाऊन आलेल्यांपैकी 93 जणांना हाच जंतू झाला होता, त्यात बहुतेक लहान मुलं होती. तिथल्या डॉक्टरांना रक्ती जुलाबाचं मूल दिसलं की ‘फार्मवर गेला होतात का?’ हा प्रश्न आपोआप सुचतो तो यामुळेच. तुम्हालाही त्यांनी तो विचारला असणार.

आता तारखा बघू. बुधवारी जुलाब सुरू झाले, तो पहिला दिवस धरू. गुरुवारी रात्री रक्त आलं, शुक्रवारी हॉस्पिटल. या जंतूचा असाच क्रम असतो. आधी एकदोन दिवस पाण्यासारखे जुलाब, मग पोटात जोराच्या कळा, मग रक्त, आणि ताप फारसा नाही. शुक्रवारच्या कागदावर ताप 37.2 लिहिलाय. रक्ती जुलाब आहेत आणि ताप नाही, ही जोडी बघून तिथल्या डॉक्टरांचे कान टवकारले असणार.

जंतू आतड्याच्या अस्तराला चिकटून बसतो, रक्तात शिरत नाही. रक्तात शिरतं ते त्याचं विष. शरीरभर फिरताना ते रक्तवाहिन्यांच्या आतल्या पेशींवरच्या एका विशिष्ट चरबीयुक्त रेणूला धरतं. तो रेणू मुलांच्या किडनीतल्या बारीक केशिकांमध्ये भरपूर असतो, मेंदूतही असतो. विष पेशीच्या आत गेलं की पेशीचं प्रथिनं बनवण्याचं काम बंद पाडतं. पेशी सुजते, मरते, केशिकेचं आतलं अस्तर उघडं पडतं. उघड्या जागी प्लेटलेट गोळा होतात आणि बारीक गुठळ्या होऊन केशिका अडते. त्या अडलेल्या वाटेतून जाताना तांबड्या पेशी फाटतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या बोरीबाभळीतून ओढलेल्या कापडासारख्या दिसतात, कुठे टोक निघालेलं, कुठे अर्धी पेशीच उरलेली. प्लेटलेट वापरून संपतात, तांबड्या पेशी फुटून रक्त कमी होतं आणि किडनी गाळण्याचं काम थांबवते. या तिन्ही गोष्टी मिळून जो आजार होतो त्याला हिमोलायटिक युरेमिक सिंड्रोम म्हणतात, डॉक्टरांच्या बोलण्यात एचयूएस.

हे सगळं व्हायला वेळ लागतो, आणि खरा फसवा भाग तोच आहे. किडनीचा त्रास बहुतेक वेळा जुलाब सुरू झाल्यापासून आठवड्याच्या आसपास सुरू होतो, म्हणजे जुलाब कमी व्हायला लागतात नेमका तेव्हा. घरात सगळे सुटकेचा श्वास टाकतात. तुमच्या घरीही रविवारी तेच झालं असेल. आता रिपोर्ट बघा. इंग्लंडमध्ये प्लेटलेटचा आकडा हजारांत लिहितात, म्हणून 262 म्हणजे 2 लाख 62 हजार. हिमोग्लोबिन दहापट लिहितात, 121 म्हणजे आपले 12.1. क्रिएटिनिनचं मापच वेगळं, त्यांच्या आकड्याला 88 ने भागलं की आपल्या सवयीचा आकडा मिळतो.

शुक्रवारी, तिसऱ्या दिवशी, प्लेटलेट 2 लाख 62 हजार, हिमोग्लोबिन 12.1, क्रिएटिनिन 30, म्हणजे आपल्या हिशेबात साधारण 0.3. चार वर्षांच्या मुलाला अगदी ठीक. रविवारी, पाचव्या दिवशी, जुलाब थांबलेले, पण प्लेटलेट 1 लाख 18 हजार. क्रिएटिनिन 58, म्हणजे 0.7 च्या आत. एखाद्या मोठ्या माणसाच्या रिपोर्टमध्ये 0.7 बघून कुणी दुसऱ्यांदा वळूनही बघणार नाही. पण चार वर्षांच्या मुलात दोन दिवसांत आकडा जवळजवळ दुप्पट होणं म्हणजे किडनी हलली. आणि प्लेटलेट निम्म्याच्या खाली आल्या. आधी प्लेटलेट घसरतात, मग पेशी फुटतात, मग क्रिएटिनिन चढतं, हा साधारण ठरलेला क्रम आहे. म्हणूनच पोर खेळायला लागलेलं असताना त्यांनी त्याला ॲडमिट करून सलाइन लावलं. मंगळवारी, सातव्या दिवशी, प्लेटलेट 34 हजार, हिमोग्लोबिन 7.2, क्रिएटिनिन 236, म्हणजे जवळपास 2.7. लघवी बंद.

या सहा-सात दिवसांत अँटिबायोटिकने काय केलं असतं?

ओ157 मध्ये विषाचं सूत्र जंतूच्या स्वतःच्या मूळ जनुकांत नसतं. जंतूच्या आत एक विषाणू लपून राहिलेला असतो, जंतूंनाच होणारा विषाणू. त्याला बॅक्टेरियोफाज म्हणतात. विषाची जनुकं त्या विषाणूच्या जनुकांत विणलेली असतात. जंतू सुखात असतो तोवर विषाणू झोपलेला. जंतूच्या डीएनएला इजा झाली, की जंतूची आणीबाणीची यंत्रणा जागी होते आणि तिच्याबरोबर हा विषाणूही उठतो. तो आपल्या शेकडो प्रती काढतो, त्यासोबत विषही भरमसाट तयार होतं, आणि शेवटी जंतू फोडून सगळं बाहेर टाकतो. काही अँटिबायोटिकं नेमकी जंतूच्या डीएनएलाच इजा करतात. सिप्रोफ्लोक्सॅसिन, नॉरफ्लोक्सॅसिन, ऑफ्लोक्सॅसिन या घराण्यातली औषधं आणि को-ट्रायमोक्सॅझोल ही त्यातली. जुलाबावर आपल्याकडे दुकानात मागितली की मिळणारी बहुतेक पाकिटं याच घराण्याची असतात, हे मी मुद्दाम लिहितेय. प्रयोगशाळेत उंदरांना ओ157 देऊन सिप्रोफ्लोक्सॅसिन दिलं, तेव्हा जंतू कमी झाले, पण आतड्यात मोकळं विष वाढलं आणि उंदीर जास्त मेले. इथे जंतू मारणं हे काम सोपं आहे. तो मरताना काय सोडून जातो, हा प्रश्न आहे.

उंदरांवरून माणसांचं ठरवता येत नाही, म्हणून मुलांवरचा पुरावाही सांगते. 2000 साली छापून आलेल्या एका अभ्यासात अमेरिकेच्या वायव्येकडच्या राज्यांतल्या दहा वर्षांखालच्या, ओ157 झालेल्या 71 मुलांवर लक्ष ठेवलं होतं. त्यांतल्या 9 मुलांना अँटिबायोटिक मिळालं होतं, 5 जणांना एचयूएस झाला. उरलेल्या 62 मुलांना मिळालं नव्हतं, त्यांच्यातही 5 जणांनाच झाला. नऊ मुलं म्हणजे फार थोडी, हे खरं. 2002 मध्ये सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा असा संबंध निघाला नाही. 2016 मध्ये पुन्हा पाहिलं, आणि ज्या अभ्यासांत आजाराची व्याख्या नीट होती, माहिती काळजीने घेतली होती, तेवढेच धरले, तेव्हा अँटिबायोटिक घेतलेल्या रुग्णांत एचयूएस जास्त दिसला. जपानमध्ये 1996 साली साकाई शहरात शाळेच्या जेवणातून हजारो मुलांना ओ157 झाला. तिथे फॉस्फोमायसिन नावाचं वेगळं औषध पहिल्या दोनतीन दिवसांत दिलं तर बरं पडतं असं काही डॉक्टरांना दिसलं, आणि तिथे ते अजूनही वापरतात. जर्मनीत 2011 साली मोड आलेल्या मेथीतून एक वेगळा विषारी ई. कोलाय पसरला, त्यात अझिथ्रोमायसिनने शीतून जंतू जाण्याचा काळ कमी झाला. म्हणजे सगळी अँटिबायोटिकं सारखी नाहीत आणि शास्त्राचा शेवटचा शब्द अजून लिहिला गेलेला नाही. पण ओ157 च्या मुलाची किडनी अमुक औषधाने वाचते, असं भक्कमपणे कुणीही दाखवलेलं नाही, आणि इजा होऊ शकते असं बऱ्याच ठिकाणी दिसलंय. फायदा सिद्ध नाही, तोटा शक्य आहे. शुक्रवारी तुमच्या नातवासमोर बसलेल्या डॉक्टरांपुढे एवढाच हिशेब होता, आणि त्यांनी तो बरोबर केला. मीही त्या खुर्चीत बसले असते तर दिलं नसतं.

मग साताऱ्याचे डॉक्टर चुकीचे का? तेही नाहीत. ही गोष्ट फार जण गोंधळून टाकतात, म्हणून जरा थांबते. आपल्याकडे मुलाच्या शीतून रक्त आलं तर सगळ्यात जास्त शक्यता शिगेलाची असते. ज्याला आपण रक्ती आव म्हणतो ती. अंगात सणसणून ताप, थोडी थोडी शी, त्यात आव आणि रक्त, आणि संडासाला बसून उठायची इच्छा होत नाही असा मुरडा. तिथे योग्य अँटिबायोटिक दिलं तर मूल लवकर बरं होतं, जीव वाचतो. जागतिक आरोग्य संघटनेचाही सल्ला तोच आहे. शिगेलाचा एक प्रकार, ‘डिसेंटरी टाइप 1’, हेच विष तयार करतो आणि भारतात, बांगलादेशात त्यानेही मुलांच्या किडन्या बंद पडल्या आहेत. पण त्याच्या विषाचं जनुक असं जागं होणाऱ्या विषाणूत बसलेलं नसतं, त्यामुळे तिथे लवकर दिलेलं अँटिबायोटिक उपयोगीच पडतं. लक्षण एक, जंतू वेगळा, म्हणून वागणूक वेगळी. साताऱ्यात शिगेलाची शक्यता जास्त, लेस्टरला फार्मवरून आलेल्या, ताप नसलेल्या मुलात ओ157 ची. डोळ्यांनी बघून शंभर टक्के कुणालाही सांगता येत नाही. म्हणूनच त्यांनी औषधाआधी शी तपासायला घेतली. प्रयोगशाळेत सॉर्बिटॉल घातलेल्या एका खास माध्यमावर ओ157 रंगहीन वसाहत देतो, इतर बहुतेक ई. कोलाय गुलाबी दिसतात. शिवाय आता विषाची थेट तपासणी करता येते. अँटिबायोटिक आधी सुरू केलं असतं तर ही तपासणी हुकण्याची शक्यता होती.

आता गोळीकडे येते.

लोपेरामाईड हे आतड्याच्या स्नायूंना मंदावणारं औषध आहे, अफूच्या जातीचंच, फक्त मेंदूवर सहसा परिणाम न करणारं. साध्या प्रवासी जुलाबात मोठ्या माणसाला ते सोयीचं पडतं. पण विष सोडणारा जंतू पोटात असताना जुलाब हा शरीराचा विष बाहेर फेकण्याचा मार्ग असतो. आतडं मंदावलं की जंतू आणि विष तिथेच साचून राहतात आणि विषाला रक्तात शिरायला जास्त वेळ मिळतो. काही अभ्यासांत आतडं मंदावणारी औषधं मिळालेल्या ओ157 च्या मुलांना एचयूएस जास्त झालेला किंवा मेंदूचा त्रास जास्त झालेला दिसला. दुसरा तोटा असा की साचलेलं पाणी आतड्यातच राहतं, बाहेर दिसत नाही, त्यामुळे मूल किती सुकलंय याचा अंदाज चुकतो. म्हणून शीत रक्त असेल तर हे औषध कुणालाच द्यायचं नाही आणि लहान मुलांना तर एरवीही नाही. इंग्लंडमध्ये बारा वर्षांखालच्या मुलांसाठी ते दुकानात विकतच नाहीत.

तुमच्या अर्ध्या गोळीने किडनी बंद पडली का? ताई, तुमची समजूत काढायची म्हणून खोटं लिहिणार नाही. गोळी द्यायला नको होती. पण तिनेच हे घडवलं असं म्हणायला मला पुरावा दिसत नाही. गोळी दिली शुक्रवारी रात्री, तिसऱ्या दिवशी. तोवर रक्त येऊन एक दिवस झाला होता, म्हणजे आतड्याच्या अस्तराला इजा होऊन विष रक्तात पोचायला सुरुवात झालेली होती. या विषाला आतड्यातच धरून ठेवणारं एक औषध कॅनडा आणि अमेरिकेतल्या मुलांवर करून पाहिलं होतं, ते चाललं नाही. रक्ती जुलाब घेऊन मूल दवाखान्यात येतं तेव्हा बरंच काही ठरून गेलेलं असतं, हे त्याचं एक कारण मानतात. शिवाय ज्या 62 मुलांना अँटिबायोटिक मिळालं नव्हतं, त्यांच्यातल्या 5 जणांना एचयूएस झालाच होता. लहान मुलांत ओ157 झालेल्या साधारण दहातल्या एकाला किंवा थोड्या अधिक मुलांना काहीही चुकीचं न करताही हा होतो. तुमचा नातू त्यांपैकी एक झाला असता का, हे आता कुणालाही सांगता येणार नाही. एकदाच दिलेली अर्धी गोळी, तीही उशिरा, यापेक्षा जास्त दोष मी तिच्या माथी मारणार नाही.

पण ती लपवून ठेवू नका. मुलीला सांगा आणि तिला किडनीच्या डॉक्टरांना कळवू द्या. ‘त्या रात्री मी लोपेरामाईडची अर्धी गोळी, एक मिलिग्रॅम, दिली होती’ एवढंच वाक्य. जायफळ उगाळून दिलं असेल, ताकातून काही दिलं असेल, तेही. डॉक्टर रागावणार नाहीत. त्यांच्या टिपणांत हे असणं आवश्यक आहे, कारण ते प्रत्येक मुलाच्या कागदांतूनच या आजाराचा अंदाज बांधतात. आणि मुलीला हे तुमच्याकडून कळणं, नंतर कधी दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा बरं. ‘मी हे घाबरून केलं’ असंच सांगा. तिने त्या रात्री तुम्हाला कळवळताना पाहिलंय, तिला ते समजेल.

तिथल्या डॉक्टरांनी काहीच केलं नाही असं तुम्हाला वाटलं, ते वाटणं मी समजू शकते. आपल्याला औषध हातात पडलं की उपचार झाला असं वाटतं. पण या आजारात सगळ्यात कामाची गोष्ट सलाइन आहे. किडनी बंद पडण्याआधीच्या दिवसांत मुलाच्या शरीरात पाणी आणि मीठ पुरेसं राहिलं, तर केशिका अडत असतानाही किडनीकडे रक्त वाहतं राहतं. ज्या मुलांना त्या दिवसांत सलाइन मिळालं, त्यांच्यात लघवी पूर्ण बंद होण्याचं प्रमाण कमी दिसलंय. तुमच्या नातवाला पाचव्या दिवशी सलाइन लागलं, तरी लघवी बंद झाली, हे दुर्दैव. आणि लघवी बंद झाल्यावर तेच सलाइन धोक्याचं होतं, पाणी फुफ्फुसात साचतं. म्हणून त्यांनी मंगळवारी ते थांबवून पोटातून डायलिसिस सुरू केलं. रक्त दोनदा चढवलं, प्लेटलेट मात्र 34 हजार असूनही चढवल्या नाहीत. ते बघून तुम्हाला नवल वाटलं असेल. रक्तस्राव होत नसेल तर या आजारात प्लेटलेट सहसा देत नाहीत, कारण त्या नव्या प्लेटलेट अडलेल्या केशिकांत जाऊन गुठळीतच भर घालू शकतात. तापासाठी पॅरासिटामॉल दिलं, आयबुप्रोफेन नाही, कारण ते आधीच दुखावलेल्या किडनीचा रक्तपुरवठा आणखी कमी करतं. रिपोर्टच्या शेवटच्या पानावर हे सगळं ओळीने आहे.

तुम्ही आता साताऱ्यात आहात आणि प्रवासाची ती औषधांची पिशवीही तिथेच असेल. पुढच्या वेळी तिच्यात ओआरएस आणि पॅरासिटामॉल राहू द्या. नॉरफ्लोक्सॅसिन, ऑफ्लोक्सॅसिन-ऑर्निडाझोल, लोपेरामाईड मुलांसाठी म्हणून नेऊ नका. आणि आपल्याकडे एखाद्या मुलाला रक्ती जुलाब झाले तर दुकानातून औषध आणू नका, डॉक्टरांकडेच न्या. ताप नसेल, रक्त बरंच असेल, पोटात कळा असतील, तर शीत शिगा टॉक्सिनची तपासणी होते का, हे विचारा. प्रत्येक गावात ती मिळणार नाही. न मिळाली तरी साधा सीबीसी आणि क्रिएटिनिन आज एकदा आणि दोन दिवसांनी एकदा, एवढं सातारा काय, तालुक्याच्या ठिकाणीही होतं. जुलाब थांबल्यावर मूल फिकट दिसलं, लघवी कमी झाली, डोळ्यांखाली सूज आली, सारखं झोपायला लागलं, तर त्याच रात्री न्या. सकाळची वाट बघू नका.

नातवाचं पुढे कसं? आकडे चांगल्या बाजूला झुकलेले आहेत. बहुतेक मुलांच्या किडन्या परत काम करायला लागतात. नऊ दिवस डायलिसिस हा काळजीचा भाग आहे, कारण जितके दिवस लघवी बंद, तितकी नंतर किडनीवर खूण राहण्याची शक्यता जास्त. दोन आठवड्यांपेक्षा जास्त गेले असते तर मी अधिक सावध बोलले असते. साधारण चारातल्या एका मुलाला नंतर काही ना काही राहतं, बहुतेक वेळा रक्तदाब थोडा जास्त किंवा लघवीतून थोडी प्रथिनं. ती वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतात, म्हणून मूल कितीही ठणठणीत दिसलं तरी निदान पाच वर्षं दरवर्षी तपासणी सोडू नका. त्याला दिलेलं रक्तदाबाचं औषध बरं वाटतंय म्हणून परस्पर बंद करू नका.

एक गोष्ट शेवटची, ती मुलीला आत्ताच सांगा. जुलाब थांबल्यावरही काही आठवडे शीतून जंतू जाऊ शकतो. म्हणूनच तिथल्या आरोग्य खात्याने शीचे लागोपाठ दोन नमुने स्वच्छ येईपर्यंत नर्सरीत पाठवू नका असं सांगितलं असेल. ते दोन्ही स्वच्छ आले का, विचारा. आले नसतील तर संडासाच्या वेळी हात साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवायचे, नुसतं सॅनिटायझर पुरत नाही. पुढच्या तपासणीला तिने दोन आकडे कागदावर लिहून आणायचे: रक्तदाब, आणि लघवीतल्या प्रथिनांचं क्रिएटिनिनशी प्रमाण. ते मला कळवा, म्हणजे पुढचं बोलता येईल.